८० ची रेषा कोणावर पडते: एबीसी चार्ट, सीमेवरचा माल आणि आधी साफ करायचे आकडे

प्रश्न: "ठाण्यात नौपाड्याला आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, मागे छोटं गोदाम. गेल्या आर्थिक वर्षाच्या विक्रीवरून १३ गटांचं एबीसी केलं, म्हणजे सगळ्यात जास्त विक्रीचे गट ए, मधले बी आणि उरलेले सी असे वर्ग पाडले, एक्सेलमध्ये चार्ट काढला आणि ८० व ९५ टक्क्यांच्या रेषा मारल्या. एलईडी बल्ब माझ्या चार्टवर ए मध्ये दिसतो, सॉफ्टवेअर त्याला बी म्हणतं. कोणी सांगतं ८०-९५ ठेवा, कोणी ७०-९०. नक्की कोणती रेषा बरोबर? आकडे जोडलेत. बॅटनमध्ये घोडबंदर रोडच्या एका सोसायटीची २ लाख ८० हजारांची एकच ऑर्डर आहे."

उत्तर:

वाशी, तुर्भे, महापे पट्ट्यातल्या वितरकांच्या गोदामांत साठ्याचं काम करताना हा वाद मी बऱ्याचदा सोडवलाय. तुमच्याकडे सॉफ्टवेअरही हिशेबाला चुकलेलं नाही आणि चार्टही. सीमेवर बसलेल्या मालाला दोघांनी वेगळा नियम लावलाय. तो नियम सांगतोच, पण आधी तुमच्या आकड्यांकडे बघू. बल्बच्या भांडणाचं मूळ खरं तर बॅटनच्या ओळीत आहे.

तुमचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावले की असे दिसतात. विक्री हजार रुपयांत आहे, एकूण ५,०००, म्हणजे ५० लाख. संचित म्हणजे वरून त्या ओळीपर्यंतच्या वाट्यांची बेरीज.

| गट | विक्री | वाटा % | संचित % |
|---|---|---|---|
| १.५ चौ. मिमी वायर | १,१५० | २३.० | २३.० |
| सीलिंग फॅन | ८५० | १७.० | ४०.० |
| २.५ चौ. मिमी वायर | ६५० | १३.० | ५३.० |
| एलईडी बॅटन | ४५० | ९.० | ६२.० |
| मॉड्युलर स्विच | ४०० | ८.० | ७०.० |
| एमसीबी | ३७५ | ७.५ | ७७.५ |
| एलईडी बल्ब | ३५० | ७.० | ८४.५ |
| सॉकेट | २५० | ५.० | ८९.५ |
| पीव्हीसी पाइप | १७५ | ३.५ | ९३.० |
| एक्झॉस्ट फॅन | १५० | ३.० | ९६.० |
| रेग्युलेटर | ११० | २.२ | ९८.२ |
| फॅन कंडेन्सर | ५५ | १.१ | ९९.३ |
| इन्सुलेशन टेप | ३५ | ०.७ | १००.० |

एमसीबीपर्यंत बेरीज ७७.५ टक्के होते आणि बल्ब धरला की ८४.५. म्हणजे ८० ची रेषा बल्बच्या पोटातून जाते. आता "ज्याची संचित टक्केवारी ८० पर्यंत आहे तो ए" असा नियम लावला तर बल्बचे ८४.५ रेषेच्या वर जातात आणि तो बी होतो. तुमचं सॉफ्टवेअर हेच करतंय. "ज्याच्या आधीची बेरीज ८० पेक्षा कमी आहे तो ए" असा नियम लावला तर बल्बच्या आधी ७७.५ च झालेत, अजून ८० भरायचेत आणि ते बल्बच भरतो, म्हणून तो ए. चार्ट बघताना तुम्ही नकळत हा दुसरा नियम वापरलात. खाली ९५ च्या रेषेवर एक्झॉस्ट फॅनचंही असंच होतं. पहिल्या नियमाने तो सी, दुसऱ्याने बी.

मी दुसरा नियम वापरतो. कारण सांगतो. महाप्याला काही दुकानदार असे असतात की त्यांची निम्म्याहून जास्त विक्री एकाच मालावर चालते. समजा एखाद्याचा पहिलाच माल ८२ टक्के विक्री देतो. पहिल्या नियमाने त्याची संचित टक्केवारी ८० च्या पुढे गेली, म्हणून तो बी ठरतो, आणि ए मध्ये कोणीच उरत नाही. धंद्याचा कणा असलेला माल बी म्हणून छापून येतो. तुमचं सॉफ्टवेअर कोणता नियम लावतंय हे तपासायचं असेल तर असाच तीन मालांचा खोटा तक्ता त्यात घालून बघा, पहिल्याला ८२, बाकीच्यांना १० आणि ८. उत्तर लगेच कळेल.

एक्सेलमध्ये दुसरा नियम असा लिहायचा. बी स्तंभात विक्री मोठ्याकडून लहानाकडे लावलेली हवी, आणि सीमा `H1` मध्ये 0.8, `H2` मध्ये 0.95 अशा लिहून ठेवायच्या:

```
C2: =B2/SUM($B$2:$B$14)
D2: =SUM($B$2:B2)/SUM($B$2:$B$14)
E2: =IF(D2-C2<$H$1,"A",IF(D2-C2<$H$2,"B","C"))
F2: =$H$1
G2: =$H$2
```

हे सगळं चौदाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. एफ आणि जी स्तंभ चार्टवरच्या दोन आडव्या रेषांसाठी आहेत. वर्ग ठरवणारी सीमा आणि चार्टवर दिसणारी रेषा एकाच घरातून आली की दोन्हींत तफावत पडायला जागाच उरत नाही. हाताने आखलेली रेषा मात्र आकडे बदलले तरी जागच्या जागी राहते, म्हणून ती मी कधी ठेवत नाही.

आता बॅटन. सोसायटीने पार्किंग आणि जिन्यातले दिवे एकदा बदलले की पुढची काही वर्षं ती तुमच्याकडे त्या ऑर्डरसाठी येणार नाही. त्या २ लाख ८० हजारांनी बॅटन चौथ्या क्रमांकावर आलाय. एबीसीचा उपयोग पुढच्या वर्षी कशावर नजर ठेवायची हे ठरवायला असतो, त्यामुळे पुन्हा न येणारी ऑर्डर मी बाजूला काढतो. ती विक्री खोटी नसते, नफाही खरा असतो, पण तो माल तुम्ही ऑर्डर मिळाल्यावर मागवलात, रॅकवर ठेवून वाट बघत बसला नव्हतात. दुकानाच्या साठ्याचा प्रश्न ठरवताना ती वेगळ्या कागदावर लिहावी. पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वागळे इस्टेटमधले कंत्राटदार दर दोन-तीन महिन्यांनी अशा ऑर्डर देत असतील, तर ती तुमची नेहमीचीच विक्री आहे आणि आत ठेवायला हवी. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, की हा माल पुढच्या वेळी मागितला जाईल तेव्हा तो रॅकवर असायला हवा का.

ती ऑर्डर काढली की बॅटन १७० वर येतो आणि एकूण विक्री ४,७२० होते. नव्याने क्रम लावला की ए-बीच्या सीमेजवळ असं दिसतं:

| गट | विक्री | वाटा % | संचित % |
|---|---|---|---|
| १.५ चौ. मिमी वायर | १,१५० | २४.३६ | २४.३६ |
| सीलिंग फॅन | ८५० | १८.०१ | ४२.३७ |
| २.५ चौ. मिमी वायर | ६५० | १३.७७ | ५६.१४ |
| मॉड्युलर स्विच | ४०० | ८.४७ | ६४.६२ |
| एमसीबी | ३७५ | ७.९४ | ७२.५६ |
| एलईडी बल्ब | ३५० | ७.४२ | ७९.९८ |
| सॉकेट | २५० | ५.३० | ८५.२८ |
| पीव्हीसी पाइप | १७५ | ३.७१ | ८८.९८ |
| एलईडी बॅटन | १७० | ३.६० | ९२.५८ |
| एक्झॉस्ट फॅन | १५० | ३.१८ | ९५.७६ |

बल्बच्या ओळीकडे नीट बघा. एकूण ४७ लाख २० हजारांचे ८० टक्के म्हणजे ३७ लाख ७६ हजार. बल्बपर्यंतची बेरीज ३७ लाख ७५ हजार. फक्त हजार रुपये कमी पडतात. आता बल्ब दोन्ही नियमांनी ए आहे, म्हणजे तुमचं मूळ भांडण आपोआप मिटलं. पण मी वर दिलेलं सूत्र सॉकेटलाही ए म्हणेल, कारण सॉकेटच्या आधी ७९.९८ झालेत आणि ते ८० पेक्षा कमी आहेत. तुम्ही एक्सेलमध्ये एकच दशांश दाखवत असाल तर पडद्यावर ८०.० दिसेल आणि सूत्र असं का वागतंय ते कळणार नाही. सीमेवर गोंधळ झाला की आधी दशांश वाढवून बघायचे, ही सवय लावून घ्या.

हजार रुपये म्हणजे बल्बची एखादी पेटी. तेवढ्यावर सॉकेटची अख्खी रांग ए मध्ये जावी का? इथे सूत्राचं उत्तर घेऊन थांबायचं नसतं, चार्टकडे बघायचं असतं. म्हणूनच मी नुसत्या तक्त्यापेक्षा चार्ट काढायला लावतो. स्तंभांची उंची बघा: स्विच ४००, एमसीबी ३७५, बल्ब ३५०. हे तिघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मग एकदम पायरी उतरते, सॉकेट २५०, आणि पुढे पाइप १७५. खरी खाच बल्ब आणि सॉकेटच्या मध्ये आहे. मी उभी रेषा तिथे मारीन आणि सहा गट ए मध्ये ठेवीन. सूत्राच्या उत्तराशेजारी एक स्तंभ ठेवून त्यात सॉकेटला हाताने बी लिहीन, आणि का लिहिलं तेही पुढच्या घरात एका ओळीत टाकीन, म्हणजे वर्षभराने मुलगा किंवा हिशेबनीस बघेल तेव्हा त्याला कोडं पडणार नाही.

यातच ७०-९० च्या प्रश्नाचं उत्तर येतं. ७० ची रेषा लावली तर ए मध्ये पाच गट येतात, एमसीबी आत आणि बल्ब बाहेर. ३७५ आणि ३५० मध्ये एवढा फरक आहे का, की एकाची दर आठवड्याला मोजणी व्हावी आणि दुसऱ्याची महिन्याला? नाही. जवळजवळ सारख्या दोन स्तंभांमधून जाणारी रेषा तुमच्या दुकानासाठी चुकीच्या जागी आहे, तिच्यावर ७० लिहिलं असो की ८०. हे आकडे कोणत्याही कायद्यातून आलेले नाहीत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये साठ्यासाठी एबीसीची मांडणी केली, आणि पॅरेटोच्या नावाने ओळखला जाणारा ८०-२० चा अंदाज त्याला जोडला गेला. ८० आणि ९५ हे सुरुवात करायला सोयीचे आकडे आहेत. रेषा तिथे ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन स्तंभ बघायचे आणि जवळच्या खाचेपर्यंत सरकवायची.

खाच सापडलीच नाही तर? म्हणजे स्तंभ हळूहळू, एकसारखे उतरत असतील तर? मग मी दुसऱ्या टोकाने विचार करतो. ए म्हणजे दुकानात काय काय करणार, ते आधी ठरवायचं. माझ्याकडे ए म्हणजे दर आठवड्याला हाताने मोजणी, मागणीची तारीख ठरलेली आणि दर बदलला की त्याच दिवशी नोंद. तुमच्या सहा गटांत रंग, अँपिअर, वॅट धरून प्रत्यक्षात पन्नासेक आयटम निघतील. तुमचा एक माणूस सोमवारी गिऱ्हाइकं यायच्या आत तेवढे मोजून होतो का बघा. होत असेल तर रेषा ठीक आहे. होत नसेल तर मोजणी कागदावरच राहील, आणि त्यापेक्षा उभी रेषा डावीकडे घेऊन चार गट खरोखर मोजलेले बरे.

"मग ८० टक्के विक्री २० टक्के मालातून का येत नाही?" हे पुढचं विचारलं जातंच, म्हणून आत्ताच सांगतो. तुमच्याकडे १३ पैकी ६ गट ए मध्ये आहेत, जवळपास निम्मे. यात काही बिघडलेलं नाही. १३ गट करताना तुम्ही बारीकसारीक माल आधीच एकत्र बांधलाय, त्यामुळे शेपूट आखूड झालंय. सुटे आयटम घेऊन हाच चार्ट काढलात तर संचित टक्क्यांचा वक्र जास्त तीव्र होईल. २० टक्के यावेत म्हणून आकडे ओढूनताणून बसवू नका.

गट किती बारीक पाडायचे, हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे. तुम्ही वायरचे सगळे रंग एकत्र धरलेत ते बरोबर केलंत. समजा १,१५० मधली लाल ३८०, काळी ३४०, हिरवी १९०, पिवळी १३० आणि निळी ११० अशी वाटणी आहे. रंग वेगळे केले तर लाल आणि काळी ए मध्ये राहतील आणि पिवळी-निळी पार खाली, रेग्युलेटरच्या शेजारी जाऊन बसतील. आता फ्लॅटचं वायरिंग करणारा वायरमन येतो तेव्हा तो लाल, काळी आणि हिरवी एकदम घेतो. हिरवी संपली असेल तर तो लाल-काळीही घेत नाही, पुढच्या दुकानात सगळं एका बिलात घेतो. जो माल एकत्र विकला जातो त्याचा वर्ग एकत्र ठरवायचा. मोजणी आणि मागणी मात्र रंगाप्रमाणे करायची.

आता चार्ट. तुमच्या चार्टच्या चित्रात उजव्या बाजूचा अक्ष १२० टक्क्यांपर्यंत गेलाय, तो एक्सेलने स्वतःहून घेतलाय. विक्रीचे स्तंभ डाव्या अक्षावर आणि संचित टक्के व दोन्ही सीमारेषा `Secondary Axis` वर ठेवा. उजव्या अक्षाची कमाल मर्यादा १ करा, म्हणजे १०० टक्के. डाव्या अक्षाची कमाल मर्यादा एकूण विक्रीएवढी, म्हणजे ४,७२० करा. दोन्हींची सुरुवात शून्यापासून. सीमारेषेची मालिका चुकून डाव्या अक्षावर राहिली तर ०.८ ही किंमत ४,७२० च्या मापात तळाला चिकटते आणि रेषा नाहीशी झाल्यासारखी वाटते. तसं दिसलं तर त्या मालिकेचा अक्ष बदला. स्तंभ आणि रेषा एकत्र हव्यात म्हणून चार्टचा प्रकार `Combo` घ्या. एक्सेलमध्ये २०१६ पासून जो तयार `Pareto` चार्ट आलाय, त्यात दुसऱ्या प्रकारची मालिका जोडता येत नाही, त्यामुळे सीमारेषेसाठी तो कामाचा नाही.

मांडणी बरोबर झाली की नाही हे एका नजरेत कळतं. पहिल्या स्तंभाच्या माथ्यावर वक्राचा पहिला बिंदू नेमका टेकला पाहिजे, कारण १,१५० आणि २४.३६ टक्के ही एकच गोष्ट आहे. टेकत नसेल तर दोन अक्षांची मापं जुळलेली नाहीत. असं केलं की स्तंभ बुटके दिसतात आणि काहींना ते आवडत नाही. सादरीकरणासाठी डावा अक्ष लहान केला तरी चालेल, पण रेषा कुठे पडते हे ठरवताना मापं जुळलेलीच हवीत.

वक्राचा आकारही बोलतो. तो सुरुवातीला चढा आणि पुढे सतत मंद होत गेला पाहिजे. मध्येच कुठे पुन्हा चढ आला तर क्रम बिघडलाय असं समजा. बहुतेक वेळा कोणीतरी तक्ता नावाप्रमाणे लावलेला असतो. वक्र १०० च्या वर जाऊन खाली येत असेल तर यादीत उणे विक्री आहे. मागच्या वर्षी विकलेले फॅन या वर्षी परत आले आणि त्यांची क्रेडिट नोट या वर्षात पडली की असं होतं. परतावा ज्या मालाचा आहे त्याच्या विक्रीतून वजा करा, आणि तरीही एखादा गट उणे राहिला तर त्याला चार्टमधून काढून वेगळा बघा. दुसरीकडे, वक्र जवळजवळ सरळ तिरक्या रेषेसारखा असेल तर तुमचे सगळे गट सारखेच विकले जातात. तेव्हा एबीसी विक्रीच्या वाट्यावर करण्यात अर्थ नसतो, कुठेही कापलं तरी ते मनानेच कापलेलं असतं.

आकडे घेताना दोन गोष्टी पाळा. विक्री जीएसटी वगळून घ्या, बिलावरची करपात्र रक्कम. आणि पूर्ण बारा महिने घ्या. तुम्ही एप्रिल ते मार्च घेतलंत ते चांगलं आहे. जानेवारी ते जून घेतले असते तर फॅनचा सगळा उन्हाळी हंगाम आत आला असता आणि गणपती-दिवाळीची तोरणं, लाइटिंगची विक्री बाहेर राहिली असती. तोरणांचा गट तुमच्या यादीत दिसत नाही. ठेवत असाल तर त्यांना या चार्टमध्ये न मिसळता वेगळी यादी करा, कारण दोन महिन्यांच्या मालाला वर्षभर आठवड्याची मोजणी लावण्यात काही अर्थ नाही. तसंच गेल्या दोन-तीन महिन्यांत आणलेला नवा माल. त्याची वर्षाची बेरीज लहान दिसणारच. त्याला अजून वर्ग देऊ नका, नुसतं 'नवा' लिहा.

सी वर्गाबद्दल मला आवर्जून सांगायचंय, कारण इथे लोक नुकसान करून घेतात. सी म्हणजे बंद करायचा माल नाही. फॅन कंडेन्सर घ्या. वर्षाची विक्री ५५ हजार, तीन महिन्यांचा साठा ठेवला तरी विक्रीच्या भावाने १४ हजारांच्या आत. १.५ च्या वायरची एका आठवड्याची विक्रीच २२ हजारांची आहे. म्हणजे कंडेन्सर तीन महिने पुरतील एवढे ठेवले तरी वायरच्या एका आठवड्यापेक्षा कमी पैसे अडकतात. मे महिन्यात फॅन हळू फिरतो म्हणून माणूस अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मागायला येतो आणि तुम्ही "संपला" म्हणता, तेव्हा पुढचा फॅन तो तुमच्याकडून घेईल याची खात्री नाही. म्हणून सी मधला माल एकदम जास्त मागवा, क्वचित मोजा, पण संपू देऊ नका. विक्रीचा वाटा हा पैसा कुठे फिरतो ते सांगतो. कोणता माल नसला तर गिऱ्हाईक तुटतं, ते यातून कळत नाही. त्याची खूण वेगळ्या स्तंभात हाताने करायची. मी कंडेन्सर आणि टेप या दोघांपुढे ती करीन.

सगळ्यात शेवटी, हे पुन्हा कधी करायचं? सहा महिन्यांनी, दर वेळी मागचे बारा महिने घेऊन. तेव्हा सीमेवरचे गट इकडून तिकडे उड्या मारतील, हे आत्ताच धरून चला. तुमच्या बल्ब-सॉकेटचं बघितलंत, हजार रुपयांनी वर्ग बदलतो. प्रत्येक वेळी वर्ग बदलला तर मोजणीची यादी बदलते, रॅकची जागा बदलते, दुकानातला माणूस वैतागतो आणि मग यादी पाळणं सोडून देतो. म्हणून मी रेषेच्या आजूबाजूला पट्टा ठेवतो. ए मधला गट तेव्हाच खाली आणायचा, जेव्हा त्याच्या आधीची बेरीज ८५ च्या पुढे गेलेली असेल. बी मधला तेव्हाच वर न्यायचा, जेव्हा ती ७५ च्या खाली आलेली असेल. तेही लागोपाठ दोन वेळा दिसलं तरच.

आणि वायर वर सरकलेली दिसली तर बदल करण्याआधी किती मीटर विकली ते मोजा. तांब्याचा भाव वाढला की कंपन्या वायरच्या दरपत्रकात बदल करतात, मग तेवढीच बंडलं विकून वायरचा वाटा फुगतो आणि बाकीच्या सगळ्यांचा आकसतो. त्या वर्षी सॉकेट किंवा पाइप खाली घसरलेले दिसले तरी त्यांची नगांमधली विक्री जशीच्या तशी असू शकते. नग कमी झाले नसतील तर त्यांचा वर्ग मी हलवत नाही.